पितळेतले तांबे मोजताना लोहाचा बंदोबस्त

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र, पण व्यवहारातल्या पितळेत शिसे, कथील आणि लोह हेही थोड्याफार प्रमाणात असतातच. पितळेत तांबे नेमके किती आहे हे आयोडिनच्या अनुमापनाने ठरवताना जस्त कुठेच आड येत नाही. शिसे आणि कथील पांढऱ्या साक्याच्या रूपाने बाजूला पडतात. लोह मात्र द्रावणात विरघळलेले राहते आणि मोजणीत तांबे म्हणूनच मोजले जाते.

असे का होते हे समजण्यासाठी आधी मूळ अभिक्रिया पाहू. तांब्याच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड भरपूर प्रमाणात घातले की पुढील बदल घडतो:

2Cu²⁺ + 4I⁻ → 2CuI + I₂

मुक्त झालेले आयोडिन मग सोडियम थायोसल्फेटने मोजले जाते. तांब्याच्या एका आयनामागे थायोसल्फेटचा एक आयन खर्च होतो, त्यामुळे ०.१ मोलर थायोसल्फेटचा प्रत्येक मिलीलिटर ६.३५५ मिलीग्रॅम तांबे दाखवतो. इथे एक गंमत आहे. ऑक्सिडीकरण करण्याची ताकद दाखवणारे नुसते प्रमाण विभव पाहिले, तर ही अभिक्रिया उलट दिशेने जायला हवी, कारण तांब्याच्या जोडीचे विभव ०.१५ व्होल्ट आहे आणि आयोडिनचे ०.५४. पण तयार होणारे क्युप्रस आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही; ते खाली बसते, तांब्याचा एकप्रभारी आयन द्रावणातून सतत कमी होत राहतो आणि त्या ओढीने अभिक्रिया पुढे सरकते. उत्पादित काढून घेऊन अभिक्रिया पुढे रेटायची, ही तांब्याच्या बाबतीतली युक्ती लक्षात ठेवावी, कारण लोहाला रोखताना हीच युक्ती उलटी वापरली जाते.

नमुना विरघळवण्याचे काम फ्यूम हूडमध्येच करावे. सुमारे ०.३ ग्रॅम कीस शंकुपात्रात घेऊन त्यावर पाणी मिसळलेले नायट्रिक आम्ल ओतले की तपकिरी वायू उसळतात आणि काही मिनिटांत हिरवट-निळे द्रावण तयार होते. यानंतर सल्फ्युरिक आम्ल घालून दाट पांढरा धूर निघेपर्यंत द्रावण आटवायचे असते. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती अर्धवट सोडली जाते. मी एकदा पाण्याच्या वाफेलाच तो धूर समजून पात्र खाली उतरवले होते. नंतर अनुमापनात स्टार्चचा निळा रंग जाण्याचा अंत्यबिंदू आला, गेला, पुन्हा आला, आणि ब्युरेट संपत आली तरी निळा रंग परतायचे थांबेना. मागे राहिलेले नायट्रोजनचे ऑक्साइड आयोडाइडचे आयोडिन करतात, हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा ताजे होतात आणि तेच काम परत करतात. पांढरा धूर जड असतो, तो पात्राच्या तळाशी घोटाळतो. वाफ भराभर वर निघून जाते. एवढी खूण ओळखता आली की ही चूक होत नाही.

आता लोहाकडे वळू. नायट्रिक आम्लात लोहाचा त्रिप्रभारी आयन बनतो, त्याचे विभव ०.७७ व्होल्ट असते, म्हणजे आयोडिनपेक्षा जास्त. त्यामुळे तोही आयोडाइडमधून आयोडिन मुक्त करतो आणि थायोसल्फेटला हे आयोडिन कोणामुळे आले याची काहीच कल्पना नसते. नुकसान किती होते ते प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. समजा ०.३०५० ग्रॅम पितळेला ३१.२० मिलीलिटर थायोसल्फेट लागले. त्यावरून तांबे १९८.३ मिलीग्रॅम, म्हणजे ६५.०० टक्के येते. याच पितळेत ०.५ टक्के लोह असेल आणि त्याचा बंदोबस्त केला नसेल, तर ते जास्तीत जास्त ०.२७ मिलीलिटर थायोसल्फेट खाते, वाचन ३१.४७ वर जाते आणि उत्तर ६५.५७ टक्के येते. एका थेंबाच्या अचूकतेने काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही पाच-सहा थेंबांची चूक आहे.

लोह गाळून का काढू नये, हा प्रश्न साहजिक आहे. अमोनियाने लोहाचा साका पडतो हे खरे, पण तो फुगीर, चिकट साका तांबेही धरून ठेवतो आणि एक चूक टाळताना दुसरी होते. त्यापेक्षा लोह द्रावणातच राहू द्यावे आणि त्याला फ्लोराइडच्या वेढ्यात अडकवावे. फ्लोराइडचे आयन लोहाच्या त्रिप्रभारी आयनाभोवती घट्ट बसतात, मोकळे लोह इतके कमी उरते की त्याचे विभव आयोडिनच्या खाली घसरते आणि आयोडाइडवरची त्याची सत्ता संपते. तांब्याच्या वेळी उत्पादित काढून घेतले होते. इथे अभिक्रियाकारकच काढून घेतला.

प्रत्यक्षात आटवलेले द्रावण थंड करून, सावकाश पाण्याने विरल करून त्यात थेंबथेंब अमोनिया घालतात. हलकी निळसर गढूळता टिकू लागली की मोकळे आम्ल संपले असे समजावे. लोह जास्त असेल, तर या क्षणी त्यात तपकिरी कण तरंगताना दिसतात. मग सुमारे २ ग्रॅम अमोनियम बायफ्लोराइड घालून ढवळले की ते कण विरघळून द्रावण स्वच्छ निळे होते. हे क्षार दुहेरी काम करते: लोह बांधते आणि सामू ३.२ च्या आसपास धरून ठेवते. सामू बराच खाली गेला, तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडले जाऊन लोह सुटते, शिवाय हवेमुळे आयोडाइडचे ऑक्सिडीकरणही वाढते. तो ४ च्या फार वर गेला, तर तांब्याची अभिक्रिया रेंगाळते.

आता सुमारे ३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड पाण्यात विरघळवून घालावे आणि लगेच अनुमापन सुरू करावे. तपकिरी रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घालावा, कारण भरपूर आयोडिन असताना घातलेला स्टार्च ते सहजासहजी सोडत नाही. निळा रंग फिकट होऊ लागला की सुमारे २ ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट घालायचे असते. क्युप्रस आयोडाइडच्या कणांवर थोडे आयोडिन चिकटून बसलेले असते. थायोसायनेटमुळे कणांचा पृष्ठभाग बदलतो, ते आयोडिन सुटते आणि रंग क्षणभर पुन्हा गडद होतो. मग थेंबाथेंबाने पुढे जावे. निळा रंग जाऊन पात्रात दुधाळ, किंचित पिवळसर साका उरला की वाचन घ्यावे. थायोसायनेट आधी घातले, तर आयोडिन त्याच्यावरच खर्च होऊ लागते आणि तांबे कमी दिसते.

अंत्यबिंदूनंतर पात्र थोडा वेळ बाजूला ठेवून पाहणे फायद्याचे असते. रंग दहा-पंधरा मिनिटांनी परतला, तर ती हवेची करामत आहे, तिकडे दुर्लक्ष करावे. अर्ध्या-एक मिनिटातच परतला, तर लोह पुरते बांधले गेलेले नाही किंवा नायट्रोजनचे ऑक्साइड मागे राहिले आहेत, आणि ते वाचन टाकून द्यावे. थायोसल्फेटची तीव्रता शुद्ध तांब्याच्या तारेवर, याच सगळ्या पायऱ्यांतून, ठरवून घेतली की पद्धतीत मुरलेल्या लहान चुका दोन्हीकडे सारख्याच राहतात आणि बऱ्याचशा कटतात.

फ्लोराइडचे एक देणे मात्र चुकत नाही. आम्लधर्मी द्रावणात त्याचे हायड्रोफ्लुओरिक आम्ल होते, ते काच खाते आणि त्वचेत खोल शिरून इजा करते, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे आणि वाचन लिहून होताच पात्र भरपूर पाण्याने धुवावे. रात्रभर तसेच राहिलेल्या पात्राची काच सकाळी धुरकट दिसते आणि ती पुन्हा चकचकीत होत नाही.