'सात' की 'साठ'? घरी मराठी उच्चार करून घेताना

आमच्या वर्गात येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बरीच जण लग्नामुळे मराठी घरात आलेली असतात आणि त्यांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत नाही. आमच्याकडे ती आठवड्यातून एकदा बसतात, बाकीचे दिवस तुमच्याशी बोलतात. त्यामुळे उच्चार खरे घडतात ते तुमच्या स्वयंपाकघरात. हे पत्रक घरच्यांसाठी लिहिलं आहे.

आधी 'क' आणि 'प', मग 'ख' आणि 'फ'

इंग्रजी बोलणाऱ्याला 'ख', 'फ', 'ठ' जड जातात असं आपण धरून चालतो. पण 'पिन', 'टॉप', 'किंग' हे शब्द इंग्रज किंवा अमेरिकन माणूस म्हणतो तेव्हा पहिल्या व्यंजनाबरोबर तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. म्हणजे महाप्राण त्याच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त तो वेगळा वर्ण आहे हे त्याला ठाऊक नाही. अडतो तो अल्पप्राण. म्हणून त्याचा 'काका' आपल्याला 'खाखा'च्या जवळचा वाटतो आणि 'पार' 'फार'सारखा. उलट आपण झोत न सोडता 'पान' म्हटलं की त्याच्या कानाला ते 'बान' वाटतं.

झोत न सोडता हीच व्यंजनं उच्चारण्याची एक जागा इंग्रजीतही आहे: 'स'नंतर. 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' यांतले 'प', 'ट', 'क' कोरडे असतात. पातळ टिश्यू पेपरची तीन-चार सेंटिमीटर रुंद पट्टी ओठांसमोर दोन बोटांच्या अंतरावर धरून 'पिन' म्हणायला लावा, पट्टी उडेल. 'स्पिन' म्हणताना ती जवळजवळ हलत नाही. हा फरक एकदा डोळ्यांनी दिसला की पुढचं काम सोपं होतं. 'स्स्स-पान' असं लांबवून म्हणायचं, मग 'स' हळू करत न्यायचा आणि शेवटी तो नुसता मनात म्हणून 'पान' उच्चारायचं. 'क'ला पट्टी फारशी दाद देत नाही, तिथे ओठांसमोर तळहात धरावा.

'ख', 'थ' दाखवताना आपण स्वतः नको इतकी हवा फेकतो, हे मात्र टाळा. शिकणारा ते तसंच उचलतो आणि मग त्याचं 'खोली' खाकरल्यासारखं येतं. नेहमीच्या बोलण्यात 'खोली' जेवढी असते तेवढीच ऐकवा.

जीभ नेमकी कुठे टेकते

इंग्रजी 'टी' आणि 'डी' उच्चारताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकतं. आपला 'त' त्याच्या पुढे, थेट दातांना लागतो, तर 'ट'साठी टोक मागे वळून टाळूला भिडतं. म्हणजे त्यांचा उच्चार आपल्या दोन वर्णांच्या मधे पडतो. आपण तो 'ट' धरतो, म्हणून आपल्या बोलण्यात 'टेबल' आणि 'डॉक्टर' आले. त्यांना मात्र 'त' आणि 'ट' दोन्ही नव्याने शिकावे लागतात.

समजा, तुमची सून भाजीवाल्याला 'सात रुपये?' असं विचारते आणि त्याला 'साठ' ऐकू येतं. इथे दोन गोष्टी घडलेल्या असतात. जीभ हिरडीवर असल्यामुळे 'त' 'ट'कडे झुकला. शिवाय इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'टी' पुष्कळदा सोडतच नाहीत, जीभ टेकवून तिथेच थांबतात. मग ऐकणारा अंदाजाने वर्ण भरतो.

आधी जागा दुरुस्त करायची. इंग्रजी 'थिंक' म्हणायला सुरुवात करताना जीभ दातांपाशी जाते. तिला तिथे न्यायचं, पण हवा घसटून जाऊ द्यायची नाही, वाट पूर्ण बंद करायची आणि मग सोडायची: 'ता'. तोंड जरा उघडं ठेवलं तर आरशात दातांखाली जिभेचं टोक दिसतं, 'ट'ला ते दिसता कामा नये. 'ता' जमला की 'साता', 'साती' म्हणायचं, म्हणजे 'त' आपोआप सुटतो. मग शेवटचा स्वर काढून 'सात'. त्यानंतर 'साठ'साठी जिभेचं टोक हिरडीवरून टाळूने मागे सरकवत न्यायचं. हिरडीचा उंचवटा संपून छत वर वळतं तिथे टेकवायचं आणि हवेसह सोडायचं. दोन्ही जमल्यावर 'साथ' घ्यावा: जागा 'सात'ची, हवा 'साठ'ची.

'र' ठासून उच्चारणाऱ्या अमेरिकन माणसासाठी एक जवळचा रस्ता आहे. 'हार्ड' म्हणताना काहींची जीभ 'र'साठी आधीच मागे वळते. तिथून पुढे न येता 'ड' सोडला की तो आपला 'ड' होतो. लंडनकडच्या बोलीत तो 'र' उच्चारत नाहीत, तिथे हा उपाय चालत नाही.

घ, झ, ढ, ध, भ

इथे पट्टीचा उपयोग नाही. या वर्णांत 'ख'सारखा झोत नसतो. घशातला कंप चालू असतानाच श्वास सैल सुटतो आणि तो सैलपणा पुढच्या स्वरातही उतरतो. शिकणारा बहुधा 'भात'चा 'बात' करतो, नाहीतर 'बहात' असे दोन तुकडे पाडतो. 'ब' आणि 'ह' जोडून दाखवू नका, तुकडे त्यातूनच पडतात. दमल्यावर सुस्कारा टाकतो तसा खालच्या आवाजात 'हाऽऽ' म्हणायला लावा आणि तो चालू असतानाच ओठ हलके मिटून उघडायला सांगा. 'भा' निघतो. गळ्यावर बोटं ठेवली तर कंप मधे तुटत नाही हे कळतं. मग 'बार-भार', 'दार-धार', 'गाई-घाई' या जोड्या घ्याव्यात.

शब्दाच्या शेवटी मात्र आग्रह धरू नका. 'दूध' आपणही घाईत 'दूद' म्हणतो.

ळ आणि ण

'बाळ' आणि 'बाल' यांत फरक ऐकू यायलाच वेळ लागतो, म्हणून आधी नुसतं ऐकवा: काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ. उच्चारताना जीभ 'ट'च्या जागी न्यायची, कडांनी हवा जाऊ द्यायची आणि टोक झटकन पुढे खाली टाकायचं. 'बाळ'पेक्षा 'बाळा' आधी जमतो, कारण झटका पुढच्या स्वरात मोकळा होतो. 'ण'ची जागा तीच, हवा नाकातून. घरात कुणी 'पानी' किंवा वऱ्हाडीतलं 'डोया' म्हणत असेल तर ते दडवू नका. ही आमच्या बोलीची रीत आहे एवढं सांगा, नाहीतर शिकणारा बुचकळ्यात पडतो.

घरची तपासणी

पार, फार, तर, थर, सात, साठ, काल, काळ, दार, धार हे शब्द देवनागरीत दहा चिठ्ठ्यांवर लिहा. रोमन लिपीत 'त' आणि 'ट' एकाच अक्षराने लिहितात, तिथे फरक पुसला जातो. शिकणाऱ्याने चिठ्ठ्या पिसून एकेक वाचायची, तुम्ही पाठ करून बसायचं आणि ऐकलं तसं लिहायचं. मधे दुरुस्त करायचं नाही, ओठही बघायचे नाहीत. शेवटी दोन्ही याद्या ताडून पाहा. ज्या जोडीत गल्लत झाली तेवढीच त्या आठवड्यात घ्या आणि ती यादी पुढच्या तासाला आमच्याकडे पाठवा. तास तिथून सुरू करू.