रोख वहीवरून वर्षाचा खरा नफा काढताना: सुरुवातीची आणि अखेरची येणी-देणी

वायरमन, प्लंबर, फॅब्रिकेशनवाले, रंगकाम करणारे यांची वही बहुधा रोखीची असते. पैसे आले की जमा, दिले की खर्च. पण बँक कर्जासाठी नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद मागते, तेव्हा तिला वर्षात किती काम झालं आणि त्यावर किती सुटलं हे पाहायचं असतं. त्यासाठी अख्खी वही नव्याने लिहायची गरज नाही. 1 एप्रिल आणि 31 मार्च या दोन दिवसांची येणी-देणी नीट मांडली, तर रोख आकड्यावरून उपार्जित नफा काढता येतो, म्हणजे पैसे कधी आले-गेले ते न पाहता काम आणि खर्च ज्या वर्षाचा त्याच वर्षात धरून येणारा नफा. सीए याला मर्कंटाईल पद्धत म्हणतात.

कोणाला लागतं, कोणाला नाही

2025-26 पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या आयकर कायदा 1961 च्या कलम 145 नुसार धंद्याचं उत्पन्न रोख किंवा मर्कंटाईल, यांपैकी जी पद्धत नियमितपणे वापरली जाते तिच्यानेच मोजायचं. विक्री रोखीने आणि खर्च उधारीने, अशी सरमिसळ चालत नाही. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर दोन्हींपैकी कोणतीही पद्धत निवडता येते. धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत गेला, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 मुळे उपार्जित पद्धतच लागते. आयकर कायदा 1961 च्या कलम 44एडी खाली ठरावीक टक्क्याने नफा दाखवणाऱ्याला रिटर्नसाठी या हिशोबाची गरज नाही. बँकेसाठी मात्र पडू शकते.

कागदपत्रं

- धंद्याच्या खात्याचा बँक उतारा. तो 31 मार्चला थांबवू नका, पुढचे दोन-तीन महिनेही घ्या. मार्चअखेरची येणी खरोखर वसूल झाली का, हे तिथेच दिसतं.
- बिलबुकाच्या स्थळप्रती आणि उधारीची वही.
- हार्डवेअर किंवा इलेक्ट्रिकल दुकानदाराकडून दोन्ही 31 मार्चचा खातेउतारा.
- घरच्या नंबरवर आलेल्या यूपीआय जमा. बरीच विक्री इथेच राहून जाते.
- कापलेला टीडीएस दाखवणारा फॉर्म 26एएस, मागच्या वर्षीचं रिटर्न, आणि 31 मार्चला शिल्लक असलेल्या मालाची यादी.

प्रत्यक्ष हिशोब

एक वायरमन घेऊ, वर्ष 2024-25. जीएसटी नोंदणी नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत.

वहीप्रमाणे ग्राहकांकडून 11,40,000 रुपये जमा झाले. मालासाठी 5,10,000 दिले. मजुरी, पेट्रोल, फोन यांवर 2,40,000 गेले. उरले 3,90,000. कर्जाची जमा, मुद्दलाचे हप्ते, घरखर्चासाठी काढलेले पैसे आणि अवजारांची खरेदी आधीच बाजूला काढली आहे, कारण यांतलं काहीच या हिशोबात येत नाही. अवजारांचा घसारा शेवटी वेगळा वजा करायचा.

आधी विक्री. एका बिल्डरने 4,00,000 च्या बिलावर 1 टक्का टीडीएस कापून 3,96,000 दिले होते. कापलेले 4,000 हीसुद्धा कमाईच आहे, फक्त ती सरकारकडे जमा आहे. म्हणून जमा 11,44,000 धरायची. या जमेत मागच्या वर्षीच्या कामाचे 95,000 आहेत, ते वजा. मार्चपर्यंत काम झालं, बिल दिलं, पण पैसे यायचेत असे 1,62,000 आहेत, ते मिळवा. मार्चमध्ये एका बंगल्याच्या वायरिंगसाठी 20,000 ॲडव्हान्स आला, काम एप्रिलमध्ये सुरू झालं. तो जमेत बसलाय, पण या वर्षाची विक्री नाही, तोही वजा.

```
विक्री = 11,44,000 - 95,000 + 1,62,000 - 20,000 = 11,91,000
```

मालाचंही तसंच. दिलेल्या 5,10,000 पैकी 60,000 दुकानदाराची जुनी बाकी होती. वर्षाअखेर त्याचे 88,000 द्यायचे राहिले.

```
खरेदी = 5,10,000 - 60,000 + 88,000 = 5,38,000
वापरलेला माल = 30,000 + 5,38,000 - 45,000 = 5,23,000
```

दुसऱ्या ओळीतले 30,000 आणि 45,000 म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीला घरात पडून असलेली वायर, स्विच, पाइप, खरेदीच्या भावाने.

इतर खर्चात हाताखालच्या माणसाची मार्चची मजुरी 14,000 एप्रिलमध्ये दिली गेली, आणि मागच्या मार्चची 11,000 या वर्षी दिली होती. म्हणून खर्च 2,40,000 - 11,000 + 14,000 = 2,43,000.

```
नफा = 11,91,000 - 5,23,000 - 2,43,000 = 4,25,000 (घसाऱ्याआधी)
```

रोख वहीपेक्षा 35,000 जास्त. हा फरक सुटा करून पाहिल्याशिवाय कागद पुढे देऊ नये: टीडीएस 4,000, वाढलेली येणी 67,000 आणि वाढलेला माल 15,000 मिळवा, ॲडव्हान्स 20,000, दुकानदाराची वाढलेली बाकी 28,000 आणि वाढलेली मजुरी 3,000 वजा करा. बरोबर 35,000 उरतात. नाही उरले, तर कुठेतरी अधिक-वजा उलटं झालंय. सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

कुठे अडतं

सुरुवातीची येणी म्हणजे मागच्या ताळेबंदातली अखेरची येणीच असायला हवीत, रुपयाला रुपया. बँकेचा अधिकारी दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवतो तेव्हा आधी हेच पाहतो.

दुकानदाराचा उतारा आणि आपली वही बहुतेक वेळा जुळत नाही. कारण साधं असतं: परत केलेला माल त्याने एप्रिलमध्ये वजा केला, किंवा माल मार्चमध्ये चलनावर आला आणि बिल नंतर निघालं. माल ज्या तारखेला हातात आला ती तारीख धरा आणि फरकाची ओळ लिहून ठेवा.

बुडालेली उधारी येण्यांच्या यादीतून नुसती खोडू नका. नफा तोच येतो, पण विक्री तेवढ्याने कमी दिसते. आधी विक्रीत मिळवा, मग बुडीत खर्च म्हणून वेगळी दाखवा. जीएसटी नोंदणी असेल तर येणी आणि जमा करवजा रकमेने घ्या, मालाची देणीही क्रेडिट मिळणारा कर वजा करून. नोंदणी नसेल तर मालावर भरलेला कर हा खर्चाचाच भाग.

आता सर्वांत नाजूक जागा. मागचं रिटर्न रोख पद्धतीने भरलं असेल आणि यंदापासून मर्कंटाईलवर जायचं असेल, तर जुने 95,000 कुठल्याच वर्षात धरले जात नाहीत. तेव्हा पैसे आले नव्हते म्हणून सुटले, आता जुनं काम म्हणून वजा झाले. उलट बाजूने जुनी देणी 71,000 (दुकानदार 60,000, मजुरी 11,000) कधीच खर्चात पडत नाहीत. जुना 30,000 चा मालही तपासावा लागतो: रोख वर्षात खरेदी सरसकट खर्च टाकली असेल, तर तो दोनदा वजा होतो. म्हणून बदलाच्या वर्षी 95,000 आणि 30,000 मिळवून 71,000 वजा करायचे, म्हणजे 54,000 उत्पन्नात वेगळे दाखवायचे. आयटीआर-3 मध्ये हिशोबाची पद्धत कोणती आणि ती बदलली का, हे विचारलेलं असतं; तिथे खरं उत्तर द्या आणि हा तक्ता सीएकडे जपून ठेवा. बँकेसाठीच्या पत्रकात मात्र हे 54,000 मिळवू नका, तिथे वर्षाचा नफा 4,25,000 वजा घसारा इतकाच.