स्टीलच्या डब्यावरची काळी पट्टी

विक्रीसाठी घरच्या घरी किंवा दुकानातच काढलेले स्टीलच्या भांड्यांचे फोटो नीट न्याहाळले, तर बहुतेक डब्यांच्या बरोबर मध्यावर एक उभी, कडांना पुसट होत गेलेली काळपट पट्टी दिसते. ती भांड्यावरचा डाग नसते. तो फोटो काढणारा माणूस असतो. संगणकावर ती पुसण्यापूर्वी ती तिथे का आली आणि तेवढीच रुंद का आहे, हे समजून घेतले तर पुसण्याचे निम्मे काम कमी होते, कारण चकाकत्या पृष्ठभागावरची प्रत्येक खूण खोलीतल्या कोणत्या ना कोणत्या वस्तूकडे बोट दाखवत असते.

१६ सेंटिमीटर व्यासाचा आणि १८ सेंटिमीटर उंचीचा गुळगुळीत डबा घेऊ. त्याची भिंत आडव्या दिशेने बहिर्गोल आरसा असते, तर उभ्या दिशेने साधा सपाट आरसा. त्रिज्या ८ सेंटिमीटर, म्हणून आडव्या दिशेतले नाभीय अंतर ४ सेंटिमीटर. कॅमेरा एक मीटरवर असेल, तर आरशाच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे प्रतिमा आडवी सुमारे सव्वीसपट लहान होते, आणि ५० सेंटिमीटर खांद्यांचा माणूस डब्यावर जेमतेम २ सेंटिमीटर रुंद उरतो. उभ्या दिशेने मात्र असे आकसणे होत नाही. सपाट आरशात आपल्याच अंतरावरची वस्तू पाहायला तिच्या निम्म्या उंचीचा आरसा लागतो, त्यामुळे १८ सेंटिमीटरच्या डब्यात समोरच्या माणसाचा फक्त ३६ सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे छाती आणि पोट एवढेच मावते. डोके नाही, पाय नाहीत, फक्त शर्टाचा एक आकसलेला पट्टा. म्हणून त्यात माणूस ओळखू येत नाही आणि विकणाऱ्याला तो डाग वाटतो. कॅमेरा मागे, दोन मीटरवर नेऊन मोठ्या नाभीय अंतराची लेन्स लावली, तर डबा फोटोत तेवढाच दिसतो आणि पट्टी एक सेंटिमीटरवर येते.

याच भूमितीतला दुसरा भाग नवख्यांना चकवतो. डब्याच्या मध्यापासून कडेकडे जाताना पृष्ठभाग जेवढ्या कोनाने वळतो, त्याच्या दुप्पट कोनाने परावर्तित किरण वळतो. मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ७० टक्के अंतरावर पृष्ठभाग ४५ अंशांनी वळलेला असतो, आणि तिथे डब्याच्या अगदी बाजूची वस्तू दिसते. म्हणजे डब्याच्या रुंदीपैकी मधल्या सुमारे ११ सेंटिमीटरमध्ये खोलीचा समोरचा अर्धा भाग मावलेला असतो, आणि दोन्ही कडांच्या जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरच्या पट्ट्यांमध्ये डब्याच्या मागची सगळी खोली कोंबलेली असते. कडेला दिसणारी निळी रेघ शोधायला लोक कॅमेऱ्याच्या आजूबाजूला पाहतात, आणि ती निघते डब्यामागे टेबलाच्या टोकाशी राहिलेल्या प्लास्टिकच्या बादलीची.

यावर उपाय म्हणून डब्याभोवती बटर पेपर किंवा पांढऱ्या कापडाचा तंबू करतात आणि पुढच्या फटीतून फक्त लेन्स आत डोकावते. तरीही ७ सेंटिमीटर व्यासाची ती लेन्स एक मीटरवरून डब्यात दिसतेच: सुमारे पावणेतीन मिलिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच अशी काळी, सुरीच्या पात्यासारखी आकृती. डबा अगदी समोरून टिपला, तर फोटो काढताना ही मात्र कोणत्याही युक्तीने जात नाही. डब्याच्या ज्या जागी पृष्ठभाग कॅमेऱ्याच्या समोरासमोर असतो, तिथे कॅमेऱ्याला स्वतःशिवाय दुसरे काही दिसणे शक्यच नसते.

अशा वेळी पोलरायझर फिल्टर लावण्याचा सल्ला हमखास दिला जातो. काचेच्या किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपे परतलेले प्रकाशकिरण बऱ्याच अंशी ध्रुवित होतात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावतात, आणि साध्या काचेसाठी ५६ अंशांच्या आसपास ते जवळपास पूर्ण ध्रुवित होतात, म्हणून फिल्टर फिरवून ती चमक कापता येते. धातूवरचे परावर्तन मात्र कोणत्याच कोनात असे पूर्ण ध्रुवित होत नाही. शिवाय फोटोग्राफरचे प्रतिबिंब समोरासमोर, शून्य अंशांच्या आसपास पडते, आणि तिथे काचेवरही ध्रुवीकरण होत नाही. त्यामुळे डब्यावरच्या पट्टीसाठी या फिल्टरवर पैसे खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

धुळीचे शास्त्र याच्या उलट आहे. आरसा प्रकाश एकाच दिशेला परतवतो, तर धुळीचा कण तो सगळीकडे विखुरतो. डब्याचा जो भाग काळ्या पुठ्ठ्याचे प्रतिबिंब दाखवत असतो, तिथे बाजूच्या दिव्याचा प्रकाश पडला की प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन उठून दिसतो; पांढऱ्या प्रतिबिंबाच्या भागात तोच कण हरवून जातो. डोळ्यांना स्वच्छ दिसलेले भांडे फोटोत धुळकट निघते, यामागे मोजमापही आहे. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ३० सेंटिमीटरची चौकट मावली, तर एक पिक्सेल एका मिलिमीटरचा विसावा भाग टिपतो. एवढ्या बारकाईने आपण भांडे कधी पाहतच नाही.

सगळे ठिपके भांड्यावरचेच असतात असेही नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसलेली धूळ काळसर, गोल आणि पुसट दिसते. लेन्सचे एफ १६ सारखे लहान छिद्र ठेवले की ती गडद होते, मोठे छिद्र ठेवले की विरघळते. डबा थोडा सरकवून दुसरा फोटो घ्यावा. ठिपका डब्याबरोबर सरकला तर तो डब्यावरचा, चौकटीत जागच्या जागी राहिला तर संवेदकावरचा. दुसऱ्या प्रकारचे ठिपके एकदा शोधले की त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंमधून त्याच जागी पुसता येतात. भांड्यावरची धूळ फोटोपूर्वीच मायक्रोफायबरच्या कापडाने आणि हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने काढणे केव्हाही स्वस्त पडते. काच किंवा अॅक्रिलिक मात्र कोरड्या कापडाने जोरात घासू नये, कारण घर्षणाने आलेला विद्युतभार त्यावर टिकून राहतो आणि पुसल्यानंतर मिनिटाभरात धूळ पुन्हा खेचून घेतो. स्टील सुवाहक असल्याने त्याला हा त्रास फारसा होत नाही. तिथे खरा शत्रू बोटांचा तेलकट ठसा, म्हणून सुती हातमोजे.

आता पुसण्याकडे वळू. लहान दुकानात तंबूला जागा नसते, छताच्या दिव्याची चमक अडवायला पुठ्ठा हातात धरून उभे राहावे लागते, आणि मागून लोक येत-जात असतात. अशा ठिकाणी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, प्रकाशाची सगळी सेटिंग हाताने पक्की करून, माणूस दर वेळी वेगळ्या जागी असेल असे पाच फोटो घ्यावेत. भांडे हललेले नसते, फक्त प्रतिबिंब हललेले असते. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ धरले, तर डब्यावरच्या एका पिक्सेलची उजळता या पाच फोटोंत २१२, २१०, ६४, २११ आणि २१३ आली असे समजा. तिसऱ्या फोटोत तिथे माणूस होता. सरासरी काढली तर १८२ येते, म्हणजे माणूस फिकट भूत बनून उरतो. चढत्या क्रमाने लावून मधली संख्या, म्हणजे मध्यक घेतला तर २११ येते आणि माणसाचा मागमूस राहत नाही. अट एवढीच, की कोणत्याही एका जागी माणूस निम्म्याहून कमी फोटोंत असावा. कॅमेरा आणि ट्रायपॉड पाचही फोटोंत एकाच जागी असतात, म्हणून त्यांची काळी आकृती मध्यकातूनही जशीच्या तशी बाहेर येते.

ती पुसायला फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधले हीलिंग ब्रश नावाचे साधन वापरतात. त्याच्या मुळाशी असलेले गणित पात्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक यांच्या २००३ मधल्या शोधनिबंधात सविस्तर मांडलेले आहे. पुसायच्या भागाच्या कडेवरचे रंग ठाऊक असतात. आतल्या प्रत्येक पिक्सेलची किंमत तिच्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीएवढी व्हावी, अशी सर्वांत साधी अट घालून संगणक मधली पोकळी भरतो, आणि पोत हवा असेल तर दुसऱ्या जागेवरचे बारीक चढउतार त्यात मिसळतो. धातूच्या पत्र्याच्या कडांचे तापमान कायम ठेवले, तर आतली उष्णता शेवटी ज्या रीतीने पसरून स्थिरावते, तिचे समीकरण हेच आहे. आपल्या लेन्सच्या आकृतीच्या डाव्या कडेला २०६ आणि उजव्या कडेला २१४ उजळता असेल, तर मधल्या ५५ पिक्सेलमध्ये ती हळूहळू चढत जाते आणि जोड दिसत नाही.

बिघाडही याच समीकरणातून होतो. निवडलेल्या भागाची कड डब्याच्या झाकणाच्या काळ्या फटीला टेकली, की ती फटही ‘ठाऊक असलेला रंग’ ठरते आणि तिचा काळेपणा धुरासारखा आत पसरतो. म्हणून फटीजवळचा शेवटचा पट्टा क्लोन साधनाने, म्हणजे शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून भरावा, आणि हीलिंग ब्रश मोकळ्या भागातच चालवावा. रेघांच्या पॉलिशचे स्टील असेल तर तुकडा रेघांच्याच दिशेने उचलावा. आडवा उचलला तर रेघा अर्ध्या पिक्सेलने जरी चुकल्या, तरी पडलेला सांधा दिसतो.

दुसरी खोट लगेच दिसत नाही. भरलेला भाग इतका गुळगुळीत होतो की त्यात कॅमेऱ्याचा नैसर्गिक खरखरीतपणा उरत नाही आणि तिथे प्लास्टिकचे ठिगळ लावल्यासारखे वाटते. अख्ख्या माणसाची ४०० पिक्सेल रुंद पट्टी भरताना उजळतेत आठच पायऱ्यांचा फरक असेल, तर प्रत्येक पायरी ५० पिक्सेल रुंद होते आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवताच पायऱ्यांचे पट्टे उमटतात. फाइल उजळतेच्या अधिक बारीक पायऱ्या असलेल्या १६ बिटमध्ये ठेवणे आणि शेवटी किंचित नॉइज, म्हणजे बारीक खरखर मिसळणे, हे दोन्ही उपाय त्यासाठीच असतात. तपासण्यासाठी सगळ्या लेयर्सच्या वर उजळता बदलणारी एक अतिशय तीव्र, नागमोडी कर्व्ह तात्पुरती लावावी. साध्या डोळ्यांना न दिसणारी ठिगळे तिच्यात ढगांसारखी वर येतात.

काचेच्या बाटलीत आणखी एक गुंता असतो. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून येणारा सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, त्यामुळे पुढच्या बहिर्गोल भिंतीवर एक प्रतिबिंब आणि मागच्या अंतर्गोल भिंतीवर दुसरे, डावे-उजवे उलटलेले प्रतिबिंब पडते. माणूस उजवीकडे सरकला तर पहिले उजवीकडे आणि दुसरे डावीकडे सरकते. पुढचे पुसून मागचे तसेच राहिले, ही चूक विक्रीच्या फोटोंत सर्रास आढळते. डब्याच्या बाबतीत तेच झाकणावरच्या मुठीचे: भिंतीवरून पट्टी गेलेली असते, आणि वरच्या गोल मुठीत काही मिलिमीटरचा अख्खा माणूस कॅमेरा धरून उभा असतो.

काय ठेवायचे, हेही ठरवावेच लागते. स्टीलला स्वतःचा असा रंग फार थोडा. त्याची गोलाई आपल्याला कळते ती प्रतिबिंबांच्या उभ्या पट्ट्यांमुळेच. सगळेच पुसून एकसारखा राखाडी रंग भरला तर डबा प्लास्टिकचा दिसतो. म्हणून जाणकार तंबूच्या दोन बाजूंना मुद्दाम काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करतात आणि त्यांची प्रतिबिंबे फोटोत राहू देतात. भांड्यावरचा पोचा किंवा सांध्यावरचा वेल्डिंगचा डाग मात्र खोलीतून आलेला नसतो, तो वस्तूचाच भाग असतो. तो पुसला तर ग्राहकाच्या हाती फोटोपेक्षा वेगळा डबा पडतो. धूळ, बादली, किमतीचा चिकटपट्टा आणि फोटोग्राफर एवढ्यांनाच फोटोतून बाहेर काढावे.