खिरीचे दूध आटवणे

खिरीसाठी दूध मंद आचेवर उकळत ठेवून त्यातील पाणी कमी करण्याची क्रिया. तांदळाच्या खिरीत दूध साधारणपणे मूळ मापाच्या दोन तृतीयांश ते निम्मे होईपर्यंत आटवतात. बासुंदी याहून दाट असते, आणि पुढे रबडी व खवा येतात. दूध पातेल्याच्या तळाला लागून करपणे हा या क्रियेतील मुख्य दोष आहे.

दुधात शिजवलेल्या भाताचा उल्लेख ऋग्वेदात ‘क्षीरपाक ओदन’ असा येतो (8.77.10). हा पदार्थ आजच्या खिरीसारखा आटवलेला होता की केवळ दुधातला भात होता, हे त्या ऋचेवरून ठरत नाही. नुसत्या शब्दावरून आटवण्याची प्रथा इतकी मागे नेणे धाडसाचे वाटते. दाट दुधाची आवड मात्र जुनी आहे. पाली ‘निदानकथे’त सुजाता वृक्षदेवतेच्या नवसासाठी जे पायस रांधते आणि पुढे बुद्धाला देते, त्यासाठी हजार गाईंचे दूध पाचशेंना पाजले जाते, त्यांचे अडीचशेंना, आणि असे करत शेवटच्या आठ गाईंचे दूध खिरीला घेतले जाते. दूध दाट करण्याचा हा मार्ग विस्तवावाचून आहे, आणि अर्थातच कथेतला.

लागणारा वेळ. दूध किती वेळात आटेल, हे मुख्यतः त्याला दर मिनिटाला किती उष्णता मिळते यावर ठरते. एक लिटर फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के इतर घनपदार्थ धरले, तर सुमारे 875 ग्रॅम पाणीच असते. हे दूध दोन तृतीयांश करायचे म्हणजे सुमारे 340 ग्रॅम पाण्याची वाफ करायची. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2.26 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण 770 किलोज्यूल. बारीक गॅसवर दुधाला प्रत्यक्ष 250 वॉट उष्णता पोचते असे धरले, तर उकळी आल्यानंतर सुमारे 50 मिनिटे लागतात. आच दुप्पट केली तर वेळ निम्मा होतो. निम्मे होईपर्यंत आटवायचे असेल, तर याच मंद आचेवर सव्वा तास लागतो. पाककृतींत सर्रास दिसणारा ‘वीस मिनिटे मंद आचेवर’ हा उल्लेख त्यामुळे एक लिटरला लागू पडत नाही. तेवढ्या वेळात येणारा दाटपणा बहुधा तांदळाच्या पिठूळपणाचा असतो.

पसरट कढईत दूध लवकर आटते, याचे कारण पृष्ठभाग मोठा असणे असे सांगतात. दूध न उकळता नुसते वाफाळत ठेवले असेल, तर ते खरे आहे. उकळत्या दुधात मात्र वाफेचा वेग आचेवर ठरतो. तेथे पसरटपणाचा खरा उपयोग तळाशी होतो. 20 सेंटिमीटरऐवजी 28 सेंटिमीटर व्यासाचा तळ घेतला, तर क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते आणि तेवढीच उष्णता दुप्पट जागेत वाटली जाते. त्यामुळे थोडी मोठी आच चालते, आणि वेळ वाचतो तो मुख्यतः या मार्गाने. यासाठी भांड्याचे बूड जाड हवे. पातळ बुडात ज्वाळेवरच्या भागापुरतीच उष्णता साचते.

तळाचा थर. तळाला बसणारा थर एकदम करपत नाही. आधी फिकट, चिकट लेप बसतो आणि मग तो तपकिरी होतो. दुधातील निवळीची प्रथिने, विशेषतः बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागतात आणि एकमेकांना व धातूला चिकटतात. त्याच वेळी कॅल्शियम फॉस्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर कमी होते आणि तेही तळावर बसते. धातूवर आधी काय बसते, याबद्दल एकमत नाही. थराचा धातूलगतचा भाग क्षारांनी समृद्ध आढळतो, म्हणून काही अभ्यासक आरंभ क्षारांचा मानतात. इतरांच्या मते प्रथिने आधी चिकटतात आणि क्षार मागाहून त्या थरात उतरतात. दुग्धशाळांतील यंत्रांत 75 ते 110 अंशांदरम्यान बसणारा थर मऊ, पांढरट आणि निम्म्याहून अधिक प्रथिनांचा असतो. क्षारप्रधान कठीण थर त्याहून वरच्या तापमानाला बसतो. हे पाहता घरगुती पातेल्यापुरते तरी दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. बुडबुडेही या कामी हातभार लावतात. बुडबुडा तळाला टेकलेला असताना त्याच्या खालचे पाणी उडते आणि तेथले घनपदार्थ तेवढ्या ठिपक्यात वाळतात.

एकदा लेप बसला की तो उष्णता अडवतो. त्याची दुधाकडची बाजू 100 अंशांच्या आसपास राहते, पण धातूकडची बाजू कितीतरी अधिक तापते. तेथे लॅक्टोज व प्रथिने यांच्यात मेलार्ड विक्रिया होऊन आधी बदामी रंग व खमंग वास येतो आणि नंतर करपट वास सुटतो.

यावरून असे दिसते की लेप बसायला उकळीच्या आधीच सुरुवात होते. उकळी आल्यावर दूध स्वतःच ढवळले जाते, पण 70 ते 95 अंशांच्या टप्प्यात त्यात तेवढी हालचाल नसते आणि बहुतेकांचा डाव याच वेळी बाजूला पडलेला असतो. मोठ्या आचेवर उकळी आणून मग गॅस बारीक करण्याची रूढ रीत म्हणून फसवी आहे. मध्यम आचेवर, सपाट कडेच्या उलथन्याने तळ घासत उकळी आणणे अधिक सुरक्षित.

दुसरा धोक्याचा टप्पा तांदूळ घातल्यावर येतो. कण्या तळाशी बसतात, पिष्ट फुगून दूध घट्ट होते आणि आतले अभिसरण मंदावते. त्यामुळे भिजवून निथळलेले तांदूळ, लिटरला 50 ते 60 ग्रॅम, दूध थोडे आटल्यावर आणि उकळत असतानाच घालतात, व पहिली काही मिनिटे हात थांबवत नाहीत. पुढे दर दोन-तीन मिनिटांनी ढवळले तरी पुरते. उलथने तळावरून गुळगुळीत सरकत असेल तर तळ स्वच्छ आहे. ते अडखळू लागले की लेप बसला असे समजावे.

भांडे आधी पाण्याने विसळण्याची रीत सर्वत्र आहे. पाण्याचा तो पातळ थर दूध ओतताच त्यात मिसळतो. त्यामुळे उपयोग झाला, तर अगदी सुरुवातीपुरताच असावा. तळाशी उपडी ठेवलेली बशी वाफेने उसळत राहते आणि दूध उतू जाणे कमी करते, पण खाली अडकलेल्या कण्या तेथेच लागतात. केरळमधील अंबलप्पुळच्या देवळातील पाल पायसमात दुधाच्या सुमारे चौपट पाणी घालून ते तासन्‌तास आटवतात. आरंभी द्रव पातळ असल्याने तो लागण्याची शक्यता कमी राहते, मात्र इंधन फार जाते.

शिळे, किंचित आंबूस दूध ताज्यापेक्षा लवकर लागते आणि फाटण्याचीही भीती असते. साखर शेवटी घालतात, कारण तिने तांदूळ शिजणे मंदावते. गुळाची खीर खाली उतरवून थोडी निवल्यावरच गूळ घालतात, नाही तर दूध फाटते.

तळ लागलाच तर खरवडू नये. ढवळणे थांबवून वरचे दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि शेवटचे बोटभर मागे ठेवावे. करपट वास दुधात उतरला असेल, तर वेलदोडा किंवा जायफळ तो झाकत नाही.

इंडक्शन शेगडीवर अनेक उपकरणे कमी अंकावर उष्णता सलग न देता थांबून थांबून देतात, आणि लेप तळाच्या मध्याऐवजी कड्याच्या आकारात बसतो.