तोच मेसेज शंभर जणींना

‘विवाहाच्या ॲपवर “नमस्कार, तुमची प्रोफाइल आवडली, बोलूया का?” हेच शंभर जणींना पाठवलं, तर दहा तरी उत्तरं येतीलच ना?’

नाही. या वाक्यात उत्तर द्यायला काही नसतं. ‘काय आवडलं?’ हे तिनंच शोधायचं, आणि तेच वाक्य तिला त्या दिवशी आणखी चौघांनी पाठवलेलं असतं. प्रोफाइल वाचलेली नाही, हे तिला तिथेच कळतं. नुसतं नाव बदलूनही ते लपत नाही. उलट घाईत आधीचंच नाव राहून जातं.

समजा तिनं लिहिलंय, ‘हरिश्चंद्रगड तीनदा, नळीच्या वाटेनं एकदा.’ तुम्ही गडावर गेलेला नसाल, तर ‘मलाही ट्रेकिंगचं वेड’ असं लिहू नका. दुसऱ्याच मेसेजला ‘कुठले गड केलेत?’ असं विचारलं जाईल. त्याऐवजी असं लिहा: ‘मी अजून एकही गड चढलेलो नाही. नळीची वाट अवघड म्हणतात. तुम्हाला सगळ्यात कठीण टप्पा कुठला वाटला?’ हे खरं आहे, आणि उत्तर तिच्याकडे तयार आहे.

स्वतःबद्दलच्या दोन ओळी, म्हणजे काम, गाव, आधीचं लग्न, सगळ्यांना सारख्याच जाव्यात. तिथं कॉपी-पेस्ट चालतं, नव्हे तेच योग्य. बदलायचं ते पहिलं वाक्य आणि प्रश्न. त्यासाठी प्रोफाइल वाचावी लागते, म्हणून दिवसाला चार-पाचच मेसेज होतात. प्रोफाइलमध्ये उंची-शिक्षणापलीकडे काहीच नसेल, तर ओढूनताणून कौतुक करू नका. साधा प्रश्न विचारा. तरीही कुणी गप्प राहिलं, तर पुन्हा लिहू नका.