बडोद्यात किती दिवस राहणार हे नक्की नसेल, तर गाडी विकत घ्यावी की महिन्यावर?

आमच्या दांडिया बाजारच्या कार्यालयात विमा आणि आरटीओची कामे होतात. गेली काही वर्षे आम्ही सबस्क्रिप्शनच्या गाड्याही लावून देतो. म्हणजे महिन्याला ठराविक रक्कम भरायची. विमा, सर्व्हिसिंग आणि रोड टॅक्स त्यातच धरलेले असतात, आणि मुदत संपली की गाडी परत करायची. कमिशन आम्हाला दोन्हीकडून मिळते, तेव्हा हे पत्रक कोणा एका बाजूने लिहिलेले नाही.

विचारायला येणारे बहुतेक एकाच पेचात असतात. नोकरी मकरपुऱ्यात किंवा रिफायनरीकडे, आईवडील पुण्यात, आणि वर्ष-दीड वर्षात बदली होईल की नाही ते साहेबालाच ठाऊक. अशा माणसाचे गणित आम्ही कसे मांडतो ते पाहा. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे येतील, पण मांडणी हीच राहील.

समजा, शोरूमला ८ लाखांची पेट्रोल गाडी आहे. गुजरातचा ६ टक्के टॅक्स म्हणजे ४८,००० रुपये. त्यात विमा आणि नोंदणी मिळवून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९ लाख होतात. २ लाख खिशातून आणि ७ लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण १४,७०० रुपये. लोक हा हप्ता आणि सबस्क्रिप्शनचे महिन्याचे भाडे शेजारी ठेवतात, आणि इथेच चुकतात. हप्त्यातला काही भाग मुद्दल फेडतो, भाड्यातला रुपयाही परत येत नाही. उलट गाडीची किंमत दर महिन्याला घसरते, ती हप्त्यात दिसत नाही. म्हणून विचारायचे ते एवढेच: जाताना एकूण किती पैसे गेलेले असतील?

चौदाव्या महिन्याला बदली आली आणि गाडी विकली असे धरा. हातात पावणेसात लाख आले, तर किमतीत सव्वादोन लाख गेले. तोवरचे व्याज ७१,०००, दुसऱ्या वर्षीचा विमा १५,०००, सर्व्हिसिंग ८,०००. कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेने उरलेल्या मुद्दलावर ४ टक्के घेतले तर आणखी २३,०००. एकूण ३,४२,०००.

तीच गाडी १२ महिन्यांच्या कराराने २३,००० रुपये महिना पडली आणि पुढचे दोन महिने त्याच दराने वाढवून मिळाले, तर १४ महिन्यांचे ३,२२,००० होतात. वीस हजार वाचले, आणि विकायची धावपळ नाही.

पण त्याच कंपनीचा २४ महिन्यांचा करार २१,००० रुपयांना असतो आणि मन तिकडे ओढते. तो चौदाव्या महिन्यात तोडलात तर बऱ्याच करारांत मागचे सगळे महिने कमी मुदतीच्या दराने पुन्हा मोजतात, वर एक महिन्याचे भाडे दंड. म्हणजे १४ गुणिले २३,००० अधिक २१,०००: एकूण ३,४३,०००. विकत घेऊन विकली असती तर जवळपास तेवढेच गेले असते. ज्याला जायची तारीख माहीत नाही, त्याने स्वस्त दरासाठी लांब मुदत घेणे म्हणजे सबस्क्रिप्शनचा एकुलता एक फायदा स्वतःच्या हाताने सोडून देणे. करारातले ‘मुदतपूर्व समाप्ती’चे कलम आधी वाचा, गाडीचा रंग नंतर ठरवा.

आता बदली आलीच नाही, तीन वर्षे इथेच राहिलात, तर? मालकीचा खर्च व्याज, विमा, टायर, सगळे धरून ६ लाखांच्या थोडा वर जातो, कारण विकताना अजून सव्वापाच लाख येतात. सबस्क्रिप्शनचे २१,००० प्रमाणे ३६ महिन्यांचे ७,५६,००० होतात. आमच्या या उदाहरणात काटा दीड ते पावणेदोन वर्षांच्या दरम्यान मालकीच्या बाजूला झुकतो.

गाडी बरोबर नेली तर

‘विकायची कशाला, पुण्याला घेऊन जाईन’ असे म्हणणाऱ्यांसाठी हे. जीजे-०६ ची नोंदणी देशभर चालते, पण दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी बँकेची संमती, मग दरजीपुऱ्याच्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी, मग पुण्यात अर्ज आणि महाराष्ट्राचा टॅक्स. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तिथे ११ टक्के आहे, म्हणजे आपल्या गाडीला नवी असती तर ८८,०००. वयामुळे काहीसा कमी. गुजरातच्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवा नंबर मिळाल्यावर, इथे अर्ज करून. पैसे आधी जातात, परत सावकाश येतात.

तुम्ही केंद्र किंवा राज्य सरकारात, सार्वजनिक उपक्रमात असाल, किंवा तुमच्या खासगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालये असतील, तर मात्र हे सगळे बाजूला ठेवा आणि बीएच नंबर मागा. २०२१ पासून तो मिळतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी नंबर तोच. खासगी नोकरीत कंपनीचे फॉर्म ६० लागते. अशा ग्राहकाला आम्ही सबस्क्रिप्शन सुचवतच नाही.

‘विमा समाविष्ट’ म्हणजे काय

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले ते आपण सगळ्यांनी पाहिले. पुरात गाडी बुडाली तर सर्वसमावेशक विमा ते नुकसान देतो. पण पाण्यात उभ्या गाडीला सेल मारला, इंजिनात पाणी ओढले गेले आणि इंजिन बसले, तर इंजिन प्रोटेक्ट हे जोडकव्हर नसताना विमा कंपनी इंजिनाचे पैसे देत नाही. सबस्क्रिप्शनमध्ये ते बिल तुमच्याकडे येते. म्हणून दोन गोष्टी लेखी घ्या: हे कव्हर पॉलिसीत आहे का, आणि एका अपघातामागे तुमच्यावर जास्तीत जास्त किती रक्कम येईल. पॉलिसी कंपनीच्या नावावर असली तरी तिची प्रत मागायला लाजू नका.

जुनी गाडी विकून सबस्क्रिप्शन घेत असाल तर आणखी एक. तुमचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवा. पुढच्या गाडीसाठी ते तीन वर्षे चालते. सबस्क्रिप्शनच्या गाडीवर नवा बोनस मात्र जमत नाही.

किलोमीटरचे एकदा बोटावर मोजा. महिन्याला १,२०० किलोमीटरची मर्यादा पुरेशी वाटते, पण पुणे इथून साडेपाचशेच्या आसपास आहे. आईला भेटून आलात की महिना संपला. त्यापुढे दर किलोमीटरला ८ रुपये धरले तर रोजच्या ऑफिसचे महिन्याचे ६०० किलोमीटर जास्तीचे बिल चार हजार रुपयांच्या जवळ नेतात. पेट्रोल आणि फास्टॅग तुमचेच. सांगितलेले भाडे जीएसटी धरून आहे का, तेही पहिल्याच फोनवर विचारा.

येताना कंपनीचे बदलीचे धोरण, असेल तर जुन्या गाडीची पॉलिसी, आणि गेल्या तीन महिन्यांत किती चाललात याचा अंदाज घेऊन या. कोणी आधीच करार दिला असेल तर सहीपूर्वी आणा. सही झाल्यावर आम्हाला त्यात काही बदलून देता येत नाही.