भाव कोणी बदलला? चलनाची घसरण आणि अवमूल्यन यांतील फरक

टपालाच्या तिकिटाची किंमत आणि जुन्या सायकलची किंमत यांत एक मूलभूत फरक असतो. तिकिटाची किंमत टपाल खाते ठरवते. गिऱ्हाइकांची रांग लागली काय किंवा खिडकीसमोर कोणीही नसले काय, नवा आदेश निघेपर्यंत ती तशीच राहते. जुन्या सायकलची किंमत मात्र कोणीही जाहीर करत नाही. घेणारे चार जण आले तर ती वाढते, विकणारेच जास्त झाले तर ती उतरते, आणि हे आपोआप, रोज थोडे थोडे घडत असते.

देशाच्या चलनाचीही परकी चलनात एक किंमत असते, आणि तीही याच दोन प्रकारे ठरू शकते. सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने ती जाहीर केलेली असेल तर त्या व्यवस्थेला स्थिर विनिमय दर म्हणतात. बाजारातील देवघेवीवर ती सोडलेली असेल तर तो तरता विनिमय दर. स्थिर दर अधिकृत निर्णयाने खाली आणला की ते अवमूल्यन, म्हणजे डिव्हॅल्युएशन. तरता दर बाजारात खाली आला की ती घसरण, म्हणजे डिप्रिसिएशन. (यंत्रावर किंवा वाहनावर दरवर्षी जो घसारा लावतात त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, पण त्याचा येथे काही संबंध नाही.) दर वर जाताना हीच जोडी उलट होते : आदेशाने चढवला तर अधिमूल्यन, म्हणजे रिव्हॅल्युएशन, आणि बाजारात चढला तर मूल्यवृद्धी, म्हणजे ॲप्रिसिएशन. मराठी बातम्यांत बाजारातील रोजच्या पडझडीलाही सर्रास अवमूल्यन म्हटले जाते. त्यामुळे भाव पडल्याचे कळते, पण तो कोणी पाडला हे कळत नाही.

ब्रिटिश पौंडाने हे दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. १९४९ पासून एका पौंडाची किंमत २.८० डॉलर अशी बांधलेली होती. किंमत बांधणे म्हणजे केवळ कागदावर आकडा लिहिणे नव्हे. लोक पौंड विकून डॉलर मागू लागले की बँक ऑफ इंग्लंडला स्वतःच्या गंगाजळीतील डॉलर देऊन ते पौंड विकत घ्यावे लागत, कारण तसे केले नाही तर बाजारातील भाव ठरलेल्या पट्ट्याच्या खाली गेला असता. निर्यातीपेक्षा आयात जास्त असलेल्या देशात ही गंगाजळी आटत जाते, आणि ती आटते आहे हे दिसू लागले की पौंड विकणाऱ्यांची गर्दी आणखी वाढते. विकणाऱ्याला त्यात धोकाही फारसा नसतो : अवमूल्यन झाले तर तेच पौंड स्वस्तात परत घेता येतात, आणि झाले नाही तर नुकसान किरकोळच होते.

अखेर १८ नोव्हेंबर १९६७ रोजी हॅरोल्ड विल्सन यांच्या सरकारने पौंडाची नवी किंमत २.४० डॉलर असल्याचे जाहीर केले. तो शनिवार होता, आणि हा योगायोग नव्हता. बाजार बंद असताना घोषणा केली तर जुन्या भावाने शेवटचा हात मारून घेण्याची संधी कोणालाही मिळत नाही. याच कारणाने सरकारांना असा निर्णय जाहीर होईपर्यंत त्याचा इन्कार करत राहावे लागते. अवमूल्यनाच्या आदल्या दिवशी दिलेल्या आश्वासनांवर म्हणूनच फारसा भरवसा ठेवू नये, असे माझे मत आहे.

या बदलाचा परिणाम एका साध्या हिशेबात पाहता येतो. ब्रिटनमध्ये १०० पौंडांना विकले जाणारे एखादे यंत्र अमेरिकी गिऱ्हाइकाला आधी २८० डॉलरना पडत असे, ते आता २४० डॉलरना पडू लागले. यंत्र तेच आणि कारखानदाराची पौंडातील किंमतही तीच, तरी माल परदेशात स्वस्त झाला. उलट २८० डॉलरची अमेरिकी वस्तू ब्रिटिश गिऱ्हाइकाला १०० पौंडांऐवजी सुमारे ११६ पौंड ६७ पेन्सना पडू लागली. दुसऱ्या दिवशी विल्सन यांनी दूरचित्रवाणीवरून लोकांना सांगितले की, याचा अर्थ त्यांच्या खिशातल्या पौंडाची किंमत उतरली असा होत नाही. देशातच तयार होणाऱ्या मालापुरते ते पटण्यासारखे होते. परंतु बाहेरून येणारा माल महागणार होता, आणि त्या वाक्याची पुढे बरीच टिंगल झाली.

याच हिशेबात नवख्या वाचकाला चकवणारी एक गोष्ट आहे. पौंडाची किंमत २.८० वरून २.४० झाली म्हणजे ती १४.३ टक्क्यांनी उतरली, पण पौंडात मोजलेली डॉलरची किंमत १६.७ टक्क्यांनी वाढली. घटना एकच असूनही दोन टक्केवाऱ्या निघतात, कारण पहिलीत भागाकार २.८० ने होतो आणि दुसरीत २.४० ने. दोन बातम्यांतले आकडे जुळत नसतील तर बहुधा हेच घडलेले असते.

१९७२ मध्ये पौंड तरता झाला. पुढे जून २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या सार्वमताची मतमोजणी सुरू असताना एका रात्रीत तो सुमारे १.५० डॉलरवरून १.३३ डॉलरच्या आसपास आला. त्या रात्री कोणत्याही मंत्र्याने नवा दर जाहीर केला नव्हता. विकणारे वाढले आणि घेणारे मागे सरले, एवढेच घडले. म्हणून घट १९६७ च्या तोडीची असली तरी तिला अवमूल्यन म्हणता येत नाही, ती घसरणच होय.

चढत्या बाजूचे सर्वांत बोलके उदाहरण १९६९ मधील जर्मन मार्कचे आहे. एक डॉलर म्हणजे ४ मार्क असा दर होता, आणि जर्मन मालाला मागणी इतकी होती की बाहेरचा पैसा मार्ककडे धाव घेत होता. सप्टेंबरअखेर निवडणूक होताच बांधलेला दर तात्पुरता सोडून देण्यात आला, आणि पुढचे काही आठवडे मार्क बाजारात स्वतःच वधारत गेला. ही मूल्यवृद्धी होती. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात नव्या सरकारने डॉलरचा दर ३.६६ मार्कवर पुन्हा बांधला, आणि हे अधिमूल्यन होते. येथे आकडा लहान होणे म्हणजे मार्क बळकट होणे, हे लक्षात ठेवावे लागते : एका डॉलरसाठी आता कमी मार्क पुरत होते.

काही घटना मात्र दोन्ही शब्दांच्या सीमेवर पडतात. थायलंडने २ जुलै १९९७ रोजी डॉलरला सुमारे २५ बात हा बांधलेला दर सोडला, पण त्याच्या जागी नवा आकडा दिला नाही. दर सोडण्याचा निर्णय सरकारी होता, तर बात पुढे कुठवर खाली जाईल हे बाजाराने ठरवले, आणि जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला ५० पेक्षा जास्त बात मोजावे लागत होते. वृत्तपत्रांनी याला अवमूल्यन म्हटले. काटेकोर बोलायचे तर जुना अधिकृत आकडा आणि नवा अधिकृत आकडा असे दोन्ही हाती असतील तरच तो शब्द लागू पडतो, आणि येथे दुसरा आकडा कधी जाहीरच झाला नव्हता.